ठिपके मोजून क्षेत्रफळ: पिकचं सूत्र कसं वापरायचं आणि ते खरं का ठरतं

चौकटीच्या कागदावर एक वेडीवाकडी आकृती काढा. अट एकच: तिचा प्रत्येक कोपरा रेघा जिथे एकमेकींना छेदतात अशा बिंदूवर आला पाहिजे. आता तिचं क्षेत्रफळ काढायचं आहे. शाळेत आपण पूर्ण चौकोन मोजतो, अर्ध्याहून मोठे तुकडे एक धरतो, लहान सोडून देतो आणि जे येतं त्याला 'अंदाजे' म्हणतो. पण कोपरे छेदबिंदूंवर असतील तर अंदाजाची गरजच नाही. फक्त ठिपके मोजून अगदी अचूक क्षेत्रफळ मिळतं. ना लांबी मोजावी लागते, ना कोन, ना उंची.

या लेखात ते कसं करायचं ते एका उदाहरणावर शेवटपर्यंत करून दाखवतो. त्यानंतर ते बरोबर का येतं ते सांगतो. तो भाग वगळू नका, कारण सूत्र कुठे चालतं आणि कुठे नाही हे त्यातूनच कळतं.

सूत्र आणि त्यातले शब्द

चौकटीच्या रेघा जिथे छेदतात त्या प्रत्येक बिंदूला मी 'ठिपका' म्हणेन. निर्देशकांच्या भाषेत सांगायचं तर ज्याचे x आणि y दोन्ही पूर्णांक असतात असा बिंदू. आकृतीच्या बाबतीत ठिपके तीन प्रकारचे: आत असलेले, बरोबर कडेवर असलेले (कोपरे यातच येतात) आणि बाहेरचे. बाहेरच्यांशी आपल्याला काही देणंघेणं नाही. मग

क्षेत्रफळ = आतले + (कडेवरचे ÷ २) − १

उत्तर येतं ते चौकटींमध्ये, म्हणजे एका लहान चौकोनाचं क्षेत्रफळ १ धरून. चौकट अर्ध्या सेंटिमीटरची असेल तर आलेल्या संख्येला पाव चौरस सेंटिमीटरने गुणायचं. नकाशावर एक चौकट म्हणजे जमिनीवरचे १० मीटर असतील तर १०० चौरस मीटरने.

सूत्रावर विश्वास बसावा म्हणून आधी ज्याचं उत्तर माहीत आहे तो आयत घ्या, ४ चौकटी लांब आणि ३ चौकटी उंच. आत ठिपक्यांच्या दोन आडव्या रांगा, प्रत्येकीत तीन, म्हणून ६. कडेवर फिरत मोजले तर परिमितीइतके, म्हणजे १४. आता ६ + ७ − १ = १२. बरोबर.

तयारी

आलेख कागद किंवा चौकटीची वही घ्या. रांगोळीच्या सरावाची ठिपक्यांची वही असेल तर ती उत्तमच, कारण तिच्यात रेघांची गर्दी नसते आणि ठिपके स्वच्छ दिसतात. त्या वहीतले ठिपके एकाखाली एक नसून मधल्या जागेत सरकवलेले असले, तरी सूत्र चालतं. तिथे 'एक एकक' म्हणजे शेजारच्या चार ठिपक्यांनी बनणारा तिरका चौकोन, एवढं ध्यानात ठेवायचं. या लेखात मात्र साधी उभी-आडवी जाळीच धरली आहे.

पेन्सिल बारीक टोकाची हवी. कारण पुढे येईलच.

आकृती कशी चालेल? सरळ बाजूंची, बंद, स्वतःला कुठेही न छेदणारी आणि न शिवणारी. कोपरा आत खचलेला असला तरी हरकत नाही. तारा, बाण, इंग्रजी एल, सगळं चालतं. कोपरे मात्र सगळेच्या सगळे ठिपक्यांवर हवेत. एकही कोपरा ठिपक्यापासून जरासा हलला तर सूत्राचा आधार जातो.

एक उदाहरण, पहिल्यापासून

पाच कोपऱ्यांची आकृती घेऊ. अ (०, ०), ब (६, २), क (८, ६), ड (३, ८), इ (०, ६). याच क्रमाने जोडत जा आणि इ पुन्हा अ ला जोडा. वाचताना खरंच काढलीत तर पुढचं सगळं डोळ्यांनी दिसेल.

पहिलं काम कडेवरचे ठिपके. ते डोळ्यांनी मोजू नका, बाजूगणिक हिशोबाने काढा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती चौकटी आडवं आणि किती चौकटी उभं जावं लागतं ते पाहा आणि त्या दोन संख्यांचा मसावि काढा. त्या बाजूवर एक टोक सोडून तेवढे ठिपके असतात. एकच टोक मोजायचं कारण उघड आहे: दुसरं टोक पुढच्या बाजूच्या खात्यात मोजलं जातं, त्यामुळे पूर्ण फेरी झाल्यावर प्रत्येक कोपरा एकदाच आलेला असतो.

मसाविच का? अ पासून ब पर्यंत ६ आडवं, २ उभं. ६ आणि २ यांचा मसावि २. म्हणजे हा प्रवास दोन सारख्या पावलांत होतो, प्रत्येक पाऊल ३ आडवं आणि १ उभं. पहिलं पाऊल (३, १) या ठिपक्यावर पडतं, दुसरं ब वर. ३ आणि १ यांना आणखी कशाने भाग जात नाही, म्हणून याहून लहान पाऊल ठिपक्यावर पडू शकत नाही.

ब पासून क: २ आडवं, ४ उभं, मसावि २. मधे (७, ४) हा ठिपका येतो. क पासून ड: ५ आणि २, मसावि १, म्हणजे मधे काहीच नाही. ड पासून इ: ३ आणि २, पुन्हा १. इ पासून अ ही सरळ उभी बाजू: ० आडवं, ६ उभं. शून्याबरोबरचा मसावि म्हणजे ती दुसरी संख्याच, म्हणून ६. एकूण २ + २ + १ + १ + ६ = १२. कडेवर बारा ठिपके, त्यांतले पाच कोपरे आणि सात बाजूंच्या मधले.

दुसरं काम आतले ठिपके. इथे घाई केली की हमखास चुकतं, कारण नजर इकडून तिकडे उड्या मारते. म्हणून एकेक आडवी रांग घ्या, ती आकृतीत कुठे शिरते आणि कुठे बाहेर पडते ते ठरवा आणि मधले ठिपके मोजा.

y = १ ही रांग डावीकडे x = ० वर शिरते आणि उजवीकडे x = ३ वर बाहेर पडते. ही दोन्ही टोकं कडेवरची, म्हणून आत फक्त x = १ आणि २ उरतात: दोन ठिपके. y = २ वर उजवीकडे थेट ब हा कोपराच आहे, x = ६ वर. आत १ ते ५, म्हणजे पाच. y = ३ वर उजवी बाजू साडेसहावर भेटते, त्यामुळे १ ते ६ असे सहा. y = ४ वर ती बरोबर ७ वर आहे. तो ठिपका कडेवरचा, म्हणून इथेही सहाच. y = ५ वर साडेसात, आत सात. y = ६ वर इ पासून क पर्यंत, ० ते ८, आत सात. y = ७ वर आकृती वरच्या टोकाकडे निमुळती होते: डावीकडे दीडवर शिरते, उजवीकडे साडेपाचवर बाहेर पडते, आत २ ते ५, म्हणजे चार.

२ + ५ + ६ + ६ + ७ + ७ + ४ = ३७.

आता सूत्र: ३७ + ६ − १ = ४२.

पडताळा घ्यायचा असेल तर आकृतीभोवती ८ × ८ चा चौरस काढा. त्याचं क्षेत्रफळ ६४. वर डावीकडे सुटलेला त्रिकोण ३ चा, वर उजवीकडचा ५ चा. खाली उजवीकडे जे सुटलंय त्याचे दोन भाग पाडा: अब खालचा त्रिकोण ६ चा आणि बक खालचा समलंब चौकोन ८ चा. ६४ मधून ३ + ५ + ६ + ८ = २२ गेले, उरले ४२. जमलं.

जवळून जाणारी रेघ

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ठिपक्याच्या अगदी शेजारून जाणाऱ्या रेघेमुळे. ती कशी फसवते हे एका त्रिकोणात नीट पाहण्यासारखं आहे.

(०, ०), (७, ०), (७, ५) हा काटकोन त्रिकोण घ्या. तिरकी बाजू (०, ०) पासून (७, ५) पर्यंत जाते आणि वाटेत (३, २) व (४, ३) यांच्या अगदी जवळून जाते. किती जवळून? एक चौकट १ सेंटिमीटरची असेल तर दोन्ही ठिपके रेघेपासून सव्वा मिलिमीटरहूनही कमी अंतरावर आहेत. अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटीत तर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. बोथट पेन्सिलीची रेघ दोघांनाही गिळून टाकते आणि बघणाऱ्याला वाटतं की हे दोन्ही कडेवरच आहेत.

मसावि मात्र फसत नाही. ७ आणि ५ यांचा मसावि १, तेव्हा त्या बाजूवर मधे एकही ठिपका असू शकत नाही. मग हे दोघं आत की बाहेर? त्यासाठी उंचीची तुलना करा. x = ३ वर रेघेची उंची ३ × ५ ÷ ७, म्हणजे १५/७, दोनापेक्षा किंचित जास्त. ठिपका २ वर आहे, म्हणून रेघेच्या खाली, त्रिकोणाच्या आत. x = ४ वर रेघेची उंची २०/७, तिनापेक्षा किंचित कमी. ठिपका ३ वर आहे, म्हणून बाहेर.

खरा हिशोब असा: कडेवर ७ + ५ + १ = १३. आत १२. क्षेत्रफळ १२ + ६.५ − १ = १७.५, आणि पाया गुणिले उंचीचं अर्धं म्हणजे ३५ चं अर्धं, तेही तेवढंच.

आता दोघांनाही चुकून कडेवर धरलं तर काय होतं ते पाहा. आतला (३, २) बाहेर काढून कडेवर नेला, म्हणून आत ११. कडेवर मूळच्या १३ मध्ये दोघांची भर, म्हणून १५. सूत्र म्हणतं ११ + ७.५ − १ = १७.५. उत्तर बरोबर आलं! आतल्या ठिपक्याला कडेवर ढकलल्याने अर्धा कमी झाला, बाहेरच्याला ओढून आणल्याने अर्धा वाढला आणि दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. म्हणून नुसतं क्षेत्रफळ जुळलं यावरून ठिपके बरोबर मोजले असं समजू नका. कडेवरची संख्या मसाविने स्वतंत्रपणे तपासा.

आणखी एक झटपट कसोटी आहे. क्षेत्रफळाची दुप्पट आणि कडेवरची संख्या एकतर दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. सूत्राला दोनाने गुणलं की हे लगेच दिसतं. पडताळ्याने क्षेत्रफळ साडेसतरा आलं आणि तुमच्या यादीत कडेवरचे १४ असतील, तर यादीत नक्की गफलत आहे.

हे खरं का ठरतं

आता गाभ्याकडे येऊ. सूत्र पाहिल्यावर दोन प्रश्न पडायला हवेत. कडेवरच्या ठिपक्याला अर्धंच वजन का? आणि शेवटचा तो −१ कुठून आला?

कल्पना करा की कागद म्हणजे चहूकडे न संपणारा ओला टीपकागद आहे आणि प्रत्येक ठिपक्यावर शाईचा एकेक सारखा थेंब ठेवला आहे. थेंब पसरायला लागतात, सगळ्या दिशांना सारखेच. पुरेसा वेळ गेला की शाई सगळीकडे एकसारखी होते. दर चौकटीमागे ठिपका एक, थेंब एक, म्हणून शेवटी प्रत्येक चौकटीत बरोबर एका थेंबाची शाई. म्हणजेच आपल्या आकृतीत शेवटी जितके थेंब शाई असेल, तितकंच तिचं क्षेत्रफळ.

सुरुवातीला आकृतीत किती शाई होती? आतल्या ठिपक्याचा थेंब पूर्ण आत. बाजूच्या मधल्या ठिपक्याचा थेंब रेघेवर बसलेला, त्याचा अर्धा भाग आत, अर्धा बाहेर. कोपऱ्यावरच्या थेंबाचा तेवढाच वाटा आत, जेवढा कोन आकृतीकडे उघडलेला आहे: काटकोन असेल तर पाव, खचलेला २७० अंशांचा कोपरा असेल तर पाऊण.

आता खरी गंमत. पसरताना शाई बाजू ओलांडून आत-बाहेर जाते, तरीही प्रत्येक बाजूवरून जितकी बाहेर जाते तितकीच आत येते. हे का? अब ही बाजू घ्या. तिचा मध्य (३, १). या मध्याभोवती सगळा कागद अर्धा वळसा फिरवा, १८० अंशांत. (२, २) हा ठिपका जाऊन (४, ०) वर बसतो, (४, ०) जाऊन (२, २) वर. (x, y) चा होतो (६ − x, २ − y), आणि x, y पूर्णांक असले की हेही पूर्णांकच. म्हणजे सगळी जाळी स्वतःवरच जशीच्या तशी बसते. ब जाऊन अ वर, अ जाऊन ब वर, बाजूही स्वतःवरच. फक्त तिची आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत झालेली असते. शाईला या फिरवण्याने काही फरक पडलेला नाही, कारण थेंबांची मांडणी तीच आहे. मग अब च्या एका जागी जेवढी शाई बाहेर जाते, तेवढीच मध्याच्या पलीकडच्या जुळ्या जागी आत आली पाहिजे. पूर्ण बाजूचा हिशोब शून्य.

हे प्रत्येक बाजूला लागू आहे. तेव्हा आकृतीतली एकूण शाई पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच राहते. सुरुवातीची शाई म्हणजेच क्षेत्रफळ. मला या विषयात याहून सुंदर युक्तिवाद माहीत नाही: क्षेत्रफळासारखी सलग गोष्ट सुट्या ठिपक्यांत कशी मावते ते तो एका दमात दाखवतो. काटेकोर गणिती सिद्धतेत शाईच्या पसरण्याचं समीकरण नीट मांडावं लागतं, पण कारण हेच राहतं.

उरली कोपऱ्यांची बेरीज. पाच कोपऱ्यांच्या आकृतीत आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश, मग आकृती कशीही वेडीवाकडी असो. ५४० म्हणजे दीड पूर्ण फेरी, म्हणून पाच कोपरे मिळून दीड थेंब आत देतात. प्रत्येकाला अर्धा धरला असता तर अडीच झाले असते. एक कमी पडला. n कोपरे घ्या: कोनांची बेरीज (n − २) × १८० अंश, फेऱ्यांत मोजली तर n/२ − १. पुन्हा अर्ध्या-अर्ध्याच्या हिशोबापेक्षा बरोबर एक कमी. हाच तो −१. कडेने एक पूर्ण चक्कर मारताना आपण एकंदर ३६० अंश वळतो, त्याची ही वजावट.

आपल्या उदाहरणात घालून पाहा: आतले ३७, बाजूंच्या मधले सात ठिपके मिळून साडेतीन, कोपरे मिळून दीड. बेरीज ४२.

कोपरे ठिपक्यांवरच का हवेत, हेही आता कळतं. ब हा (६, २) ऐवजी (६.३, २) वर असता, तर अब चा मध्य (३.१५, १) वर आला असता. त्याभोवती फिरवल्यावर (२, २) जातो (४.३, ०) वर, जिथे ठिपकाच नाही. जाळी स्वतःवर बसत नाही, मग आत-बाहेरचा हिशोब शून्य होईलच याची खात्री राहत नाही.

पिक कोण

हे सूत्र गेओर्ग पिक यांचं. जन्म १८५९ चा, व्हिएन्नाचा. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठात काढला आणि हे सूत्र १८९९ मध्ये प्रसिद्ध केलं. १९११ मध्ये आइन्स्टाईन प्रागला प्राध्यापक म्हणून आले, त्या नेमणुकीच्या समितीत पिक होते. दोघांची चांगली मैत्री जमली, आणि पुढे सापेक्षतेच्या सिद्धांताला लागलेल्या रिची आणि लेव्ही-चिविटा यांच्या गणिताकडे आइन्स्टाईन यांचं लक्ष पिक यांनीच वेधलं असं सांगतात. पिक ज्यू होते. जुलै १९४२ मध्ये नाझींनी त्यांना टेरेझिनच्या छावणीत पाठवलं आणि दोन आठवड्यांच्या आत, वयाच्या ८२ व्या वर्षी, तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

उलट वापर

कागदावर ठिपके मोजून क्षेत्रफळ काढतात, संगणकावर बहुधा याच्या उलट करतात. कोपऱ्यांचे निर्देशक लाखांत असतील तर आतले ठिपके एकेक करून मोजणं परवडत नाही. पण कोपऱ्यांवरून क्षेत्रफळ थेट निघतं: लागोपाठच्या दोन कोपऱ्यांसाठी x₁y₂ − x₂y₁ काढायचं, सगळ्या फेरीची बेरीज करायची, चिन्ह सोडून द्यायचं आणि निम्मं करायचं. कडेवरचे मसाविने मिळतात. मग सूत्र फिरवलं की आतले: क्षेत्रफळ − (कडेवरचे ÷ २) + १. पायथॉनमध्ये एवढंच:

```python
from math import gcd

def pick(p):
    s = b = 0
    for (x1, y1), (x2, y2) in zip(p, p[1:] + p[:1]):
        s += x1*y2 - x2*y1
        b += gcd(x2 - x1, y2 - y1)
    s = abs(s)
    return s/2, b, (s - b + 2)//2

print(pick([(0,0), (6,2), (8,6), (3,8), (0,6)]))
```

छापून येतं `(42.0, 12, 37)`: क्षेत्रफळ, कडेवरचे, आतले. कोपरे क्रमानेच द्यायला हवेत, घड्याळाच्या दिशेने किंवा उलट, कसेही चालतील. क्रम मोडला तर बाजू एकमेकींना छेदतात आणि येणाऱ्या संख्यांना काही अर्थ उरत नाही.

कुठे बदलावं लागतं, कुठे सोडून द्यावं लागतं

मधे भोक असलेली आकृती असेल तर सूत्र थोडं बदलतं. ३ × ३ चा चौरस घ्या आणि मधली एक चौकट कापून टाका. क्षेत्रफळ ८. कडा आता दोन आहेत: बाहेरच्या कडेवर १२ ठिपके, भोकाच्या कडेवर ४, एकूण १६. आत एकही नाही. नेहमीचं सूत्र लावलं तर ० + ८ − १ = ७ येतं, एक कमी. कारण शाईच्या हिशोबात सापडतं: भोकाचे चारही कोपरे आकृतीच्या बाजूने पाहिले तर २७० अंशांचे आहेत, म्हणजे चार कोपऱ्यांचे मिळून तीन थेंब. अर्ध्या-अर्ध्याने धरले तर दोनच झाले असते. इथे एक जास्त मिळतो. म्हणून दर भोकामागे १ मिळवायचा. भोक बाहेरच्या कडेला किंवा दुसऱ्या भोकाला शिवत मात्र नसावं.

आकृती एखाद्या कोपऱ्यात स्वतःलाच शिवत असेल, जसे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले, तर तिचे वेगवेगळे तुकडे धरा, प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळं काढा आणि बेरीज करा. वक्र कडा असेल, म्हणजे तळ्याचा काठ किंवा नदीचं वळण, तर सूत्र लागू नाही. काठाजवळचे ठिपके जोडून बहुभुजाकृती करता येते, तिचं क्षेत्रफळ अचूक येईल. पण ते त्या बहुभुजाकृतीचं, तळ्याचं नव्हे. चौकट बारीक कराल तसा फरक कमी होत जाईल.

आणि घनाकृती? इथे ठिपक्यांची मोजणी एकटी पुरतच नाही. (०, ०, ०), (१, ०, ०), (०, १, ०), (१, १, r) या चार कोपऱ्यांची चतुष्फलक आकृती घ्या, r कोणतीही धन पूर्णांक संख्या. चार कोपरे सोडले तर हिच्या आत, पृष्ठावर, कडांवर कुठेही ठिपका नाही, r एक असो की एक लाख. घनफळ मात्र r/६, म्हणजे r बरोबर हवं तितकं वाढतं. ठिपक्यांची संख्या तीच आणि घनफळ वेगळं, तेव्हा नुसत्या या मोजणीवरून घनफळ देणारं कोणतंही सूत्र असूच शकत नाही. हे उदाहरण जॉन रीव्ह यांनी १९५७ मध्ये दिलं आणि त्यावरची वाटही दाखवली: मूळ जाळीबरोबर तिच्याहून बारीक जाळीचेही ठिपके मोजायचे, म्हणजे घनफळ हाती येतं.